रिक्रूटर म्हणतो "पंधरा मिनिटांत इंटरव्ह्यू": फोनवर काय बोलायचं, मेलमध्ये काय लिहायचं?

पावसाळी (सोमवार, रात्री ९.४०)

मी टेस्टर आहे, साडेचार वर्षांचा अनुभव, ऑफिस हिंजवडी फेज ३. महिन्याभरापूर्वी नोकरीच्या साइटवर प्रोफाइल अपडेट केलं आणि तेव्हापासून फोन सुरू आहेत. फोन येतात त्याची तक्रार नाही. ते कसे येतात ते सांगते.

आज दुपारी ३.२० ला कँटीनच्या रांगेत उभी होते. अनोळखी नंबर. "मॅडम, पावणेचारला पॅनेल आहे, लिंक पाठवतो, कॅमेरा ऑन ठेवा." मला ४ वाजता क्लायंट डेमो होता. मी गडबडून "सर, आत्ता नाही, नंतर बघू" एवढंच म्हणाले. त्याने "ओके" म्हणून फोन ठेवला. कुठली कंपनी, कुठला रोल, काहीच विचारायचं सुचलं नाही. संध्याकाळी परत फोन लावला तर उचलत नाही. मागच्या आठवड्यातही असाच एक फोन गेला.

मला इंटरव्ह्यू द्यायचे आहेत, फक्त आधी ठरवून द्यायचे आहेत. नकार वाटू नये आणि समोरच्याने मेलवर पक्की वेळ द्यावी, असं नेमकं काय बोलायचं? आणि मेलमध्ये काय लिहायचं?

चहाटळ (सोमवार, रात्री १०.०५)

देऊन टाकायचा गं सरळ! मी दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या फायर एक्झिटच्या पायऱ्यांवर बसून दिला होता, मोबाइलवर, कानात एकच इअरफोन चालू. आणि लागला. ज्याला गरज असते तो "नंतर" म्हणत नाही, असंच धरतात हे लोक. नंतरची वेळ मागितली की प्रोफाइल गेलं.

दुर्बीण (सोमवार, रात्री १०.३०)

चहाटळ, तुझं नशीब. असे घाईचे फोन सगळे बनावट असतात. खरी कंपनी कधी १५ मिनिटांत बोलावते का? माझ्या मेव्हण्याला असंच "अर्जंट" म्हणून बोलावलं, लगेच "सिलेक्टेड" म्हणाले आणि मग लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणून साडेसात हजार मागितले. अनोळखी नंबर ब्लॉक करा, प्रश्न मिटला.

नाशिकचा_ऊन्हाळा (सोमवार, रात्री १०.५२)

माझाही हाच त्रास. माझा नोटीस पीरियड ९० दिवसांचा, आणि प्रत्येक जण विचारतो "१५ दिवसांत जॉइन होता येईल का?" मी मेलवर जॉइनिंगची तारीख पक्की मागितली तर उत्तरच नाही. बायआउटबद्दल कोणाला माहिती आहे का?

पावसाळी (सोमवार, रात्री ११.००)

नाशिकचा_ऊन्हाळा, माझा प्रश्न जॉइनिंगचा नाही, इंटरव्ह्यूच्या वेळेचा आहे :) बायआउटसाठी वेगळा धागा काढा ना, मलाही वाचायला आवडेल.

जुना_भरतीवाला (मंगळवार, सकाळी ७.१५)

मी ११ वर्षं याच धंद्यात आहे. पहिली सहा वर्षं व्हेंडरकडे होतो, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना माणसं पुरवणारी कन्सल्टन्सी. आता एका कंपनीच्या आतल्या टीममध्ये आहे. असे फोन मी स्वतः शेकड्यांनी केलेत, त्यामुळे पलीकडे काय चाललेलं असतं ते सांगतो.

"आत्ता इंटरव्ह्यू" याचे निदान दोन अर्थ होतात. एक म्हणजे पॅनेल खरंच बसलेलं असतं. कंपनीतले दोन सीनियर लोक दुपारी २ ते ५ असा वेळ काढून देतात, त्यात चार उमेदवार लावलेले असतात, आणि तिसरा येतच नाही. पॅनेलचा वेळ फुकट गेला की शिव्या रिक्रूटरला पडतात. मग तो यादी उघडतो आणि जो फोन उचलेल त्याला "पावणेचारला या" म्हणतो. पावसाळी, तुमचा कालचा फोन बहुधा हाच होता. पावणेचार ही वेळ त्याने तुमच्यासाठी काढली नव्हती, ती दुसऱ्या कोणाची तरी रिकामी पडलेली खुर्ची होती.

दुसरा अर्थ जास्त वेळा असतो. तो "इंटरव्ह्यू" म्हणतो, पण त्याला फक्त स्क्रीनिंग करायचं असतं: आत्ताचा पगार, अपेक्षा, नोटीस, लोकेशन, दोन-चार वरवरचे प्रश्न. दहा मिनिटांचं काम. हे खरंच पायऱ्यांवर उभं राहून होतं. चहाटळ यांचा नेमका कुठला प्रकार होता माहीत नाही.

म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा: "हा तुमचा स्क्रीनिंग कॉल आहे का टेक्निकल पॅनेल?" स्क्रीनिंग असेल आणि दहा मिनिटं असतील तर तिथल्या तिथे उरका. त्यासाठी मेलवर स्लॉट मागत बसलात तर तो पुढच्या नावाकडे जातो, आणि त्यात त्याची चूक नाही.

टेक्निकल असेल तर "नंतर बघू" म्हणू नका. आमच्या शीटमध्ये त्याची नोंद "नॉट इंटरेस्टेड" अशी होते. मी स्वतः तशी केली आहे. त्याऐवजी हे म्हणा: "मला हा रोल करायचा आहे. आत्ता मी कामात आहे. तुम्ही जेडी मला आत्ता मेल करा, मी त्याच मेलला उत्तर देऊन उद्या-परवाच्या दोन वेळा अर्ध्या तासात पाठवते. पॅनेल कोणत्या कंपनीचं आहे?"

यातला "त्याच मेलला उत्तर" हा भाग सोडू नका. तुम्ही त्याचा मेल आयडी फोनवर लिहून घेतलात तर एखादं अक्षर चुकतंच आणि मेल हवेत जातो. त्याने आधी पाठवला की पत्ता बिनचूक मिळतो, तो कुठून बोलतोय ते दिसतं आणि रोलची माहिती लेखी येते. शिवाय एक चाचणी होते. ज्याच्याकडे खरंच जागा आहे त्याच्याकडे जेडी तयार असतो, पाठवायला दोन मिनिटं लागतात. तासाभरात आला नाही तर एकदा मेसेज करून आठवण करा. तरी नाही आला तर सोडून द्या.

पावसाळी (मंगळवार, सकाळी ८.०२)

बाप रे, "नॉट इंटरेस्टेड"! म्हणजे काल मीच दार लावून घेतलं. धन्यवाद दादा. आता मेलचं सांगा ना. मी एकदा "उद्या कधीही चालेल" असं लिहिलं होतं, त्यावर काहीच आलं नाही.

जुना_भरतीवाला (मंगळवार, सकाळी ८.४०)

"कधीही चालेल" वाचायला सोयीचं वाटतं, पण आमच्यासाठी ते निरुपयोगी. वेळ रिक्रूटर ठरवत नाही. तो तुमच्या वेळा पुढे पाठवतो, दुसरं कोणी त्या पॅनेलच्या कॅलेंडरशी जुळवतं. त्या माणसाला कॉपी करून चिकटवता येईल अशी ओळ हवी असते. "कधीही" लिहिलंत तर पुन्हा दुपारी ३.२० ला फोन येणार, कारण तुम्हीच कधीही म्हणाला होतात.

मेल इंग्रजीत जाईल, पण मजकूर साधारण असा:

> विषय: इंटरव्ह्यूची वेळ, क्यूए इंजिनिअर (पुणे), तुमचं नाव, मोबाइल नंबर
>
> नमस्कार, आज ११.१० ला आपलं फोनवर बोलणं झालं. जेडी वाचला, या रोलसाठी मला पुढे जायचं आहे.
>
> टेक्निकल राउंडसाठी मी या वेळांत मोकळी आहे (सर्व वेळा भारतीय):
> बुधवार, १४ तारीख, सकाळी ९ ते ११
> गुरुवार, १५ तारीख, दुपारी ४ ते ६
>
> यातली एक वेळ पक्की करून आज संध्याकाळी ६ पर्यंत मीटिंगचं निमंत्रण याच आयडीवर पाठवावं, म्हणजे मला ऑफिसमध्ये तशी सोय करता येईल. राउंड किती मिनिटांचा आहे आणि स्क्रीन शेअर करून कोड लिहायचा आहे का, तेही कळवावं.

दोन पट्टे पुरेत, पण पट्टेच द्या, "९ वाजता" असा टोकदार आकडा नको. दोन तासांच्या पट्ट्यात ४५ मिनिटांचा राउंड कुठेही बसतो. आणि एक कडू गोष्ट: रात्री ८ नंतरची किंवा रविवारची वेळ मागून सहसा मिळत नाही, कारण पॅनेलवाले आपल्यासारखेच नोकरदार. दोनातला एक पट्टा तरी ऑफिसच्या वेळेतला द्यावा लागतो. तेवढ्यासाठी अर्धी रजा किंवा घरून कामाचा दिवस राखून ठेवा.

वार आणि तारीख दोन्ही लिहा. "उद्या" लिहिलेला मेल तो उद्या उघडतो.

चाकण_सेकंड_शिफ्ट (मंगळवार, दुपारी ३.३०)

तुमचं सगळं आयटीवाल्यांचं चाललंय. आमच्याकडं प्लँटमध्ये फोन लॉकरला ठेवून आत जावं लागतं. मी क्वालिटीला आहे, आमची फर्स्ट शिफ्ट साडेसहा ते तीन. बाहेर आलो की एकाच नंबरचे सात मिस्ड कॉल. परत लावला तर म्हणतो, "सकाळी ११ ला प्लँट हेडसोबत होता, तुम्ही उचललाच नाही." अरे, मी उचलणार कसा?

आणि मेलचं म्हणाल तर आमच्या कन्सल्टन्सीवाल्यांपैकी निम्मे मेल बघतच नाहीत. मी लिहिला होता एक व्यवस्थित मेल. चार दिवसांनी फोन: "आज दुपारी गेटवर या, गेट पास केलाय."

जुना_भरतीवाला (मंगळवार, दुपारी ४.१०)

चाकण, तुमचं म्हणणं बरोबर आहे. माझं सगळं आयटीतलं, प्लँटच्या भरतीत मेलची सवय कमी. पण तुमच्या बाबतीत मिस्ड कॉल हाच मूळ मुद्दा दिसतो. नोकरीच्या साइटवर प्रोफाइलची पहिली ओळ असते, तिथेच लिहा की फोन दुपारी ३.३० नंतर, आधी मेसेज करा. रिक्रूटर बाकी काही वाचो न वाचो, यादीत ती ओळ त्याच्या डोळ्यांसमोर असते.

चाकण_सेकंड_शिफ्ट (मंगळवार, दुपारी ४.२५)

बदलतो. पण शिफ्ट दर आठवड्याला फिरते हो. नाव बघा माझं. दर सोमवारी ओळ बदलायची का?

सांजवेळ_न्यूजर्सी (मंगळवार, संध्याकाळी ६.२०)

वरच्या मेलमध्ये "सर्व वेळा भारतीय" लिहिलंय ते गाळू नका, विशेषतः पॅनेल अमेरिकेतलं असेल तर. पुण्यातल्या एका मुलाचा राउंड मी इथून घेणार होते. रिक्रूटरने त्याला कळवलं, "सकाळी १० ईएसटी". मुलाने नेटवर बघून रात्री ८.३० धरलं. पण जुलै महिना होता, इथली घड्याळं तासभर पुढे असतात. आमचे सकाळचे १० म्हणजे तुमचे संध्याकाळचे ७.३०. बिचारा तासभर उशिरा आला, तोवर मी दुसऱ्या मीटिंगमध्ये. इथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं, पण लोक वर्षभर ईएसटीच म्हणतात. कॅलेंडरचं निमंत्रण आलं की ते आपोआप तुमच्या वेळेत दिसतं, म्हणून फोनवरच्या वेळेवर विसंबू नका, निमंत्रण मागा.

दुर्बीण (मंगळवार, संध्याकाळी ७.००)

पण फ्रॉडचं काय? सगळे तो खरा आहे असंच धरून चाललेत.

जुना_भरतीवाला (मंगळवार, रात्री ९.३०)

दुर्बीण, तुमच्या मेव्हण्याचं झालं ते वाईटच. पण त्यात घाई ही खूण नव्हती, पैसे ही खूण होती. घाई खऱ्या रिक्रूटरलाही असते, ती वर सांगितली. नोकरीसाठी उमेदवाराकडून डिपॉझिट, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचे पैसे मागितले की तिथेच फोन ठेवायचा, मग इंटरव्ह्यू कितीही व्यवस्थित झालेला असो.

मेलमध्ये @ च्या पुढे काय आहे ते बघा. तिथे कन्सल्टन्सीचं नाव असेल आणि जागा दुसऱ्याच कंपनीची असेल तर घाबरू नका, व्हेंडरचं तसंच असतं. फुकटच्या मेल आयडीवरून मोठ्या कंपनीच्या नावाने आलं असेल तर त्या कंपनीच्या करिअर पेजवर तो रोल आहे का ते आधी बघा.

आणि कंपनीचं नाव फोनवरच विचारायचं आणखी एक कारण आहे. एकाच जागेसाठी तुमचं प्रोफाइल दोन व्हेंडरनी पाठवलं तर कंपनीच्या सिस्टीममध्ये ते डुप्लिकेट म्हणून अडकतं आणि कधीकधी दोघांकडूनही बाद होतं. नाव सांगायला तो कां-कूं करत असेल तर म्हणा, "नाव मेलवर आल्याशिवाय माझं प्रोफाइल पुढे पाठवू नका."

दुर्बीण (मंगळवार, रात्री ९.५०)

आणि पॅन मागतात ते? मला दोघांनी पहिल्याच फोनवर मागितला.

जुना_भरतीवाला (मंगळवार, रात्री १०.०५)

डुप्लिकेट ओळखण्यासाठी काही कंपन्या व्हेंडरला पॅन मागायला लावतात, म्हणजे मागणारा प्रत्येक जण चोर नाही. तरी पहिल्या फोनवर मी देणार नाही. कंपनी आणि रोल लेखी आल्यावर बघू.

सांजवेळ_न्यूजर्सी (मंगळवार, रात्री १०.२०)

मी तर ऑफर हातात येईपर्यंत देऊ नये म्हणेन.

जुना_भरतीवाला (मंगळवार, रात्री १०.३०)

मग काही ठिकाणी प्रोफाइल पुढे सरकतच नाही, ताई. ज्याने त्याने ठरवावं.

चहाटळ (मंगळवार, रात्री ११.१०)

मी तर वेळ मागायची झाली की "हॉस्पिटलमध्ये आहे" सांगते. कोणी वाद घालत नाही.

जुना_भरतीवाला (बुधवार, सकाळी ७.००)

आणि मग तिसऱ्या वेळी तोच रिक्रूटर विचारतो, "आता कोण आजारी?" ऑफिसच्या कामात आहे एवढं पुरतं. तुम्ही नोकरीत आहात हे आम्हाला माहीतच असतं.

पावसाळी (शुक्रवार, दुपारी १.१५)

अपडेट देते, कारण वरचं सगळं वापरून पाहायला लगेच मिळालं.

मंगळवारी इथून मेलचा मजकूर उतरवून घेतला, इंग्रजी करून मोबाइलच्या नोट्समध्ये ठेवला. बुधवारी ११.१० ला फोन: "साडेअकराला टेक्निकल आहे, जॉइन व्हाल का?" छाती धडधडत होती, पण विचारलं, स्क्रीनिंग का पॅनेल? म्हणाला पॅनेल, एक जण आला नाही. (दादा, तुमची रिकामी खुर्ची!) मी म्हटलं, रोल करायचाय, जेडी पाठवा, त्यालाच उत्तर देऊन दोन वेळा देते. तो म्हणाला, "मॅडम, आज नाही झालं तर प्रोफाइल होल्डवर जाईल." क्षणभर वाटलं, हो म्हणावं. मग तेच वाक्य पुन्हा म्हटलं. वीस मिनिटांनी जेडी आला, व्हेंडरच्या आयडीवरून, कंपनीच्या नावासकट.

शुक्रवार सकाळी ९ ते ११ आणि सोमवार दुपारी ४ ते ६ दिलं, शुक्रवारी तसंही घरून काम असतं. संध्याकाळी सहापर्यंत काही नाही. साडेसहाला त्याच मेलखाली एक ओळ लिहिली, "वेळ पक्की झाली का?" सव्वाआठला निमंत्रण आलं, शुक्रवारी १० ते १०.४५.

आज ९.५८ ला लिंकवर गेले. १०.२० पर्यंत एकटीच बसून होते. पॅनेल आलंच नाही! रिक्रूटरला फोन केला, तो उचलेना. आता काय करू?

जुना_भरतीवाला (शुक्रवार, दुपारी १.४०)

त्याच मेलच्या खाली आत्ता लिहा: "मी ९.५८ ते १०.२० लिंकवर होते, पॅनेल जॉइन झालं नाही. सोमवारचा ४ ते ६ चा पट्टा अजून मोकळा आहे." बस. वैताग दाखवू नका, पण मिनिटं लिहा. लेखी नसेल तर पॅनेलने सिस्टीममध्ये "उमेदवार आला नाही" असं टाकलं की रिक्रूटरकडे तुमच्या बाजूने दाखवायला काही नसतं. लिंकवर एकटे असतानाचा स्क्रीनशॉट असेल तर जोडा.

पावसाळी (शुक्रवार, दुपारी १.५५)

स्क्रीनशॉट नाही काढला :( मेल पाठवला.

चाकण_सेकंड_शिफ्ट (शुक्रवार, दुपारी ३.५०)

म्हणजे आपण नाही गेलो तर नो-शो, ते नाही आले तर रीशेड्यूल. बरंय.

पावसाळी (सोमवार, संध्याकाळी ६.३०)

झाला राउंड! शनिवारी सॉरीचा मेल आला होता आणि आज ४.१५ चं निमंत्रण. दोघं जण होते, दोघंही वेळेवर. जेडीत सेलेनियम लिहिलं होतं, विचारलं मात्र चाळीस मिनिटं एपीआय टेस्टिंग. निम्मं आलं, निम्मं अंदाजे. निकाल "दोन दिवसांत कळवतो" म्हणालेत.

आणि हो, राउंड चालू असताना मागे दुसऱ्या एका नंबरवरून तीन मिस्ड कॉल. मेसेज होता: "मॅडम, साडेपाचला पॅनेल आहे." त्याला जेडी मागितलाय.